कोटेशन आणि ऑर्डर अॅक्नॉलेजमेंटमधल्या लीड टाइमच्या फरकाबाबत खुलासा हवा

मालिम, बार्देश, गोवा
११ एप्रिल २०२५

प्रति,
मॅनेजर साहेब, विक्री विभाग
(कोल्हापूर फाउंड्री)

विषय : ट्रॉलरचे सहा पंखे, सहा शाफ्ट आणि बारा बुश. २४ मार्चचे आपले कोटेशन, २ एप्रिलची आमची पर्चेस ऑर्डर, ९ एप्रिलचे आपले अॅक्नॉलेजमेंट.

नमस्कार साहेब,

आपले अॅक्नॉलेजमेंट बुधवारी संध्याकाळी मिळाले. ऑर्डर नोंदवून घेतली याबद्दल आभार. दर, नग आणि मटेरियल सगळे कोटेशनप्रमाणेच आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. वेळेचा रकाना मात्र वाचला आणि कोटेशन काढून शेजारी ठेवले. तिन्ही वस्तूंची मुदत बदललेली आहे, आणि का बदलली ते कुठेच लिहिलेले नाही. तेवढेच विचारायला हे पत्र.

कोटेशनमध्ये पंखे पर्चेस ऑर्डरच्या तारखेपासून ५ आठवड्यांत, शाफ्ट ३ आठवड्यांत आणि बुश तयार माल म्हणून १ आठवड्यात, असे होते. ऑर्डर २ एप्रिलची. म्हणजे बुश ९ एप्रिलला, शाफ्ट २३ एप्रिलला आणि पंखे ७ मेपर्यंत. अॅक्नॉलेजमेंटमध्ये बुशला ४ आठवडे, शाफ्टला ६ आठवडे आणि पंख्यांना '४५ कामकाजाचे दिवस' झाले. ज्या ९ तारखेला बुश यायचे होते, त्याच तारखेला बुशला अजून चार आठवडे लागतील असा कागद आला. स्टोअरच्या मुलाने बुशसाठी रॅक रिकामा करून ठेवला होता. त्याला काय सांगायचे ते मला कळेना.

आकडे बदलले हा एक भाग झाला. त्याहून मोठी अडचण म्हणजे दिवस मोजायला सुरुवात कधीपासून करायची ते आता कळत नाही. कोटेशनमध्ये स्पष्ट होते, 'पर्चेस ऑर्डरच्या तारखेपासून'. अॅक्नॉलेजमेंटच्या तळाला बारीक अक्षरात आहे, 'अॅडव्हान्स जमा झाल्यावर व मंजूर ड्रॉइंग हाती आल्यावर, यांपैकी जे उशिरा होईल तेथून'. ३० टक्के अॅडव्हान्स, म्हणजे २,७७,२०० रुपये, आम्ही ४ एप्रिलला भरला. आमची सही असलेले ड्रॉइंग ऑर्डरसोबतच पाठवले होते. 'मंजूर ड्रॉइंग' म्हणजे तेच, की आपण वेगळे काढून आमच्याकडे पाठवणार आहात? वेगळे असेल तर ते आज संध्याकाळपर्यंत आलेले नाही, आणि मग आपल्या हिशेबाने दिवस मोजायला अजून सुरुवातच झालेली नाही. हे मला आजच कळायला हवे.

'कामकाजाचे दिवस' या शब्दाचाही खुलासा करावा. ९ एप्रिलपासून मोजले आणि आठवड्याला एकच सुट्टी धरली, तर ४५ दिवस ३१ मेला भरतात, तेही मधल्या जयंत्या नि सण न धरता. आठवड्याला दोन सुट्ट्या धरल्या तर ११ जून येतो. एकाच ओळीतून अकरा दिवसांचा फरक पडतो. आमच्याकडे हे अकरा दिवस फार आहेत. का, ते सांगतो.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. ट्रॉलर पाण्याबाहेर घेऊन काम करायला आम्हाला हे दोनच महिने मिळतात. आमच्या स्लिपवेवर एका वेळी दोन बोटी चढतात, म्हणून सहा बोटींच्या तीन जोड्या ठरवल्या आहेत : पहिली २ जूनला, दुसरी १८ जूनला, तिसरी ५ जुलैला. बोट वर घेतली, जुना पंखा आणि शाफ्ट काढला, की नवीन हातात असल्याशिवाय ती खाली सोडता येत नाही. स्टर्न ट्यूब उघडी असते. पहिल्या जोडीचा पंखा दहा दिवस उशिरा आला, तर मागच्या दोन्ही जोड्या तेवढ्याच मागे जातात. तिसरी जोडी थेट ऑगस्टमध्ये शिरते, आणि ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे कोळंबीचे दिवस. बोटमालकांनी ओडिशा, झारखंडहून खलाशी बोलावून ठेवलेले असतात. ती माणसे जेटीवर बसून राहिली तरी त्यांचे जेवण आणि उचल चालूच राहते. मागच्या हंगामात एका बोटीचा शाफ्ट उशिरा आला (तो आपल्याकडचा नव्हता). मालक रोज सकाळी सातला आमच्या गेटवर येऊन उभा राहायचा. तो भांडत नसे, नुसता विचारायचा, 'आज येतलो?' त्याला रोज नाही म्हणायची वेळ माझ्यावर आली. यंदा ती येऊ नये म्हणून मार्चमध्येच चौकशी पाठवली.

आमच्याकडे आणखी दोन कोटेशन आली होती. त्यांतले एक आपल्यापेक्षा साधारण ६ टक्क्यांनी स्वस्त होते, पण त्यात पंख्यांना ८ आठवडे होते. ते बाजूला ठेवून आपली ऑर्डर काढली ती ५ आठवड्यांवर विश्वास ठेवून, आणि मालकांसमोर तसे सांगून. जास्तीचे पैसे देण्याबद्दल पश्चात्ताप नाही. पण ज्या कारणासाठी ते दिले, तेच कारण कागदावरून नाहीसे झालेले दिसते.

आता वस्तूवार विचारतो, कारण प्रत्येकीचे कारण वेगळे असणार.

पंख्यांबाबत कोटेशनच्या शेऱ्यात '४२ इंच व्यास, ३२ इंच पिच, पॅटर्न उपलब्ध' असे आहे. अॅक्नॉलेजमेंटमध्ये त्याच जागी 'पॅटर्न तयार करणे समाविष्ट' असे आले आहे. पॅटर्न होता तो खराब झाला, दुसऱ्या कामात अडकला, की मुळात वेगळ्या पिचचा निघाला? नवीन पॅटर्न करावा लागणार असेल तर वाढीव वेळ मला समजतो. लाकूडकाम, त्यात आकुंचनाचा हिशेब, मग पहिले ओतकाम तपासणे, यात घाई करून उपयोग नाही. तशाने आतून सच्छिद्र निघालेला पंखा मी परत पाठवला तर दोघांचेही नुकसान. पण मग पॅटर्नला किती दिवस, ओतकामाला किती, मशीनिंगला किती आणि बॅलन्सिंगला किती, ते वेगवेगळे लिहून द्यावे. रासायनिक तपासणीचा दाखला आणि स्टॅटिक बॅलन्सचा रिपोर्ट आम्ही पहिल्या चौकशीतच मागितला होता, त्यामुळे ते या वाढीचे कारण नसावे असे धरतो.

शाफ्टबाबत, ७५ मिलिमीटरचा ३१६ ग्रेडचा बार आपल्याकडे पडून आहे असे आपल्या विक्रीच्या साहेबांनी फोनवर सांगितले होते. बार असेल तर टर्निंग, टेपर आणि की-वे यांना सहा आठवडे का, हे मला समजले नाही. बार दुसऱ्या ऑर्डरला गेला असेल तर तसे मोकळेपणाने सांगा. तेवढ्यावरून मी ऑर्डर काढून घेणार नाही.

इथेच एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. टेपर १:१२ चा आहे, आणि पंख्याचा बोअर त्यावर आपल्याच कारखान्यात निळ लावून बसवून द्यायचा, असे कोटेशनमध्ये ठरले होते. अॅक्नॉलेजमेंटप्रमाणे शाफ्ट २१ मेला निघतो आणि पंखा त्यानंतर. शाफ्ट आधीच इकडे आला, तर पंखा कशावर बसवून बघणार? निळीचा डाग पूर्ण घेरभर उमटला नाही तर शाफ्टने जोर घेतल्यावर कीवर भार येतो आणि की-वेला तडा जातो. हे काम जेटीवर पावसात करणे मला मान्य नाही. शाफ्ट आणि पंखा जोडीनेच निघावेत, की आपण गेज बनवून शाफ्ट आधी पाठवणार आहात, हे स्पष्ट करावे.

बुशचा खुलासा सगळ्यांत सोपा असावा. तयार माल होता. कोटेशनमध्ये 'आधी विक्री न झाल्यास' अशी अट नव्हती. विकला गेला असेल तर कधी, आणि काही नग उरले आहेत का? बारापैकी चार जरी आत्ता निघाले तरी पहिल्या जोडीचे काम भागते.

डिलिव्हरीचा अर्थही बदलला आहे. कोटेशनमध्ये 'गोवा पोच', अॅक्नॉलेजमेंटमध्ये 'कारखान्यातून डिस्पॅच'. एरवी दोन दिवसांचा फरक. पण जूनमध्ये आंबोली घाटात धुके आणि दरडी असतात, तेव्हा दोनाचे चार होतात. भाडे कोणाचे, तेही यातच येते. आम्ही 'मालिम पोच' हेच धरतो.

आमची भूमिका सांगून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. आपले कोटेशन ३० दिवसांसाठी वैध होते, आणि आम्ही दहाव्या दिवसाच्या आत, कोणतीही अट न बदलता ऑर्डर दिली. अॅक्नॉलेजमेंटमधल्या नव्या तारखा आणि तळाची ती ओळ आम्ही मान्य केलेली नाही. या पत्राने ती मान्यता दिली जात नाही. २ एप्रिलची ऑर्डर आहे तशीच उभी आहे. हे भांडण उकरून काढण्यासाठी लिहिलेले नाही. मान्य केले असे नंतर कोणी म्हणू नये, एवढ्यासाठीच लिहिले.

आणि खरे सांगायचे तर सगळा माल ७ मेलाच हवा असा हट्ट नाही. त्या तारखेने मला तीन आठवड्यांची सवड मिळणार होती. ती गेली तरी चालेल. मला जे लागणारच ते असे : पहिले दोन संच (पंखा, शाफ्ट, दोन बुश) ३० मेपर्यंत मालिमला, पुढचे दोन १४ जूनपर्यंत, शेवटचे दोन २८ जूनपर्यंत. अशा तीन हप्त्यांत पाठवायला आपल्या फाउंड्रीला सोपे जात असेल तर मी ऑर्डरमध्ये तशी दुरुस्ती करून देतो. मात्र मला 'आठवडे' नकोत, कॅलेंडरवरच्या तारखा हव्यात, आणि त्या तारखा मालिमला पोचण्याच्या हव्यात.

सोमवारी, १४ तारखेला, आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे हे माहीत आहे. म्हणून बुधवार, १६ एप्रिल दुपारपर्यंत लेखी उत्तर द्यावे. गुरुवारी सकाळी सहा बोटमालक स्लिपवेच्या पाळ्या पक्क्या करायला येणार आहेत. त्यांना तारीख सांगताना ती खरी असावी, एवढेच मला हवे आहे. ड्रॉइंग वेगळे येणार असेल तर उत्तराची वाट न बघता आजच पाठवा. शनिवार-रविवार मी कार्यशाळेतच आहे, आल्यावर दोन तासांत तपासून सही करून परत करतो. पॅटर्न बघण्यासाठी आमचा फोरमन कोल्हापूरला यावा असे वाटत असेल तर तेही कळवा, रातच्या गाडीने निघेल.

आपला,
खरेदी व भांडार प्रमुख
बोट दुरुस्ती कार्यशाळा, मालिम जेटी

सोबत : २४ मार्चचे कोटेशन (वेळेच्या रकान्यावर खूण केलेली), ९ एप्रिलचे अॅक्नॉलेजमेंट, अॅडव्हान्सची बँक पावती, सहीचे ड्रॉइंग पुन्हा एकदा.