घराचं पावसाळी वेळापत्रक : एप्रिल ते ऑक्टोबर

दादा, वहिनी,

यंदा पावसाळ्यात मी घरी नाही. एरवी हे सगळं माझ्या डोक्यात असतं, आता कागदावर उतरवलंय. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. शेजारच्या खिळ्याला दोरीने बांधलेली वही आहे ती गळतीची. कुठे, कोणत्या तारखेला, पाऊस सुरू झाल्यापासून किती वेळाने ओल दिसली, एवढंच त्यात लिहायचं. वाचायला कंटाळवाणी आहे, पण गवंड्याला बोलावण्याआधी चाळाच. वरच्या खोलीच्या कोपऱ्यात थेंब पडायचे म्हणून तीन वर्षं मी बरोबर त्याच कोपऱ्यावर लेप देत राहिले. पाणी शिरत होतं आठ फूट पलीकडे, टाकीचा पाइप जिथे स्लॅबमधून खाली उतरतो तिथे. वहीतल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं.

एप्रिलचा शेवटचा आठवडा : गच्ची तपासणे

आधी गच्ची कोरडी झाडून घ्या. मग पाणी भरून पाहायचं. गच्चीला दोन उतार आहेत, त्यामुळे एका वेळी एकच बाजू घ्या. मधोमध चिकणमातीचा बांध घाला, त्या बाजूच्या पाइपचं तोंड पिशवीत गुंडाळलेल्या कापडाने गच्च बंद करा आणि दोन-अडीच सेंटिमीटर पाणी साठवा. कठड्यावर पेन्सिलीने खूण करा. त्याच पाण्याने भरलेली परात शेजारी उन्हात ठेवायला विसरू नका, कारण उन्हाने पाणी आटतंच. चोवीस तासांनी परातीत जेवढं उतरलं त्याहून गच्चीवर जास्त उतरलं असेल, तर ते कुठेतरी मुरतंय. तोंड उघडण्याआधी खाली जाऊन छत बघा. टॉर्च सरळ मारू नका, छताला लगटून आडवा धरा, म्हणजे फुगलेला रंग सावलीमुळे लगेच दिसतो.

गच्ची आणि कठडा मिळतात त्या वाट्यावर छोट्या हातोडीने ठोकत चाला. आवाज बदबद आला की वाटा सुटला आहे, वरून कितीही चांगला दिसू दे. टाकीच्या स्टँडचे पाय, पाइपभोवतीचा सिमेंट आणि जिन्याच्या खोलीचा उंबरा या तीन जागांवर माझा अजिबात विश्वास नाही.

आईच्या खोलीतल्या पूर्वेच्या भिंतीचं वेगळं आहे. तिथे हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला धरलं तर ती हवेतली वाफ, मग नुसत्या खिडक्या उघड्या ठेवून भागेल. डाग बारा महिने ओलाच राहत असेल तर पाऊस सोडून नळाच्या पाइपचा विचार करा. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तास कुणी पाणी वापरू नका. आकडा पुढे सरकला तर पाइप गळतोय.

मेचा पहिला पंधरवडा : दुरुस्ती

दुरुस्ती पहिल्या पावसाच्या निदान दोन आठवडे आधी संपायला हवी. लेप सुकायला वेळ लागतो आणि ओल्या स्लॅबवर तो धरतच नाही.

भेगेवर नुसतं सिमेंटचं पाणी ओतू द्यायचं नाही. गवंडी म्हणेल, 'ताई नेहमी हेच करून घ्यायच्या.' मी कधीच करून घेतलेलं नाही. भेग व्ही आकारात उघडायची, धूळ ब्रशने पूर्ण काढायची आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायची. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा. वाट्यावर दोन हातांमध्ये जाळीची पट्टी हवी. दोन हातांत किती तास सोडायचे ते डब्यावर छापलेलं असतं. तेवढे सोडा, 'वाळलंय की' यावर जाऊ नका.

मागच्या शेडच्या पत्र्याला भोकं पडलेली नाहीत, स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरलेत. सगळे बदलून घ्या. दादा, पत्र्यावर थेट पाय ठेवू नकोस. खालच्या लोखंडी पट्ट्यांवर आडवी फळी टाक, आणि शिडी धरायला कुणी असेल तेव्हाच चढ.

खिडक्यांवरच्या छज्जाच्या खालच्या कडेला एक बारीक खाच असते. पाणी तिथे तुटून खाली पडतं, भिंतीकडे येत नाही. मागच्या रंगकामात पुट्टी भरून ती बुजवली, आणि त्याच वर्षी हॉलच्या खिडकीवर ओल आली. खाच मोकळी करून घ्या. सरकत्या खिडक्यांच्या रुळात बाहेरच्या बाजूला पाणी जायची बारीक भोकं आहेत, ती केरसुणीच्या काडीने साफ होतात.

मेचा दुसरा पंधरवडा : पाइप, गटार, चेंबर

एक हिशोब लक्षात ठेवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपली गच्ची साठ चौरस मीटर, म्हणजे पन्नास मिलिमीटर पाऊस झाला की तीन हजार लिटर पाणी दोन पाइपांतून उतरणार. एका पाइपचं तोंड पानांनी बंद झालं की काय होतं ते मी पाहिलंय. जिन्यावरून धबधबा आला होता आणि आई पायरीवर उभी राहून मला हाका मारत होती.

पाइपच्या तोंडाशी सपाट जाळी नको. घुमटासारखी बसवा, भोवती पानं साचली तरी वरून पाणी जातं. मग दोन बादल्या एकदम ओता आणि वहिनी, तुम्ही खाली उभ्या राहा. पाणी भसकन आलं पाहिजे. करंगळीएवढी धार आली तर स्प्रिंगची तार घालावी लागेल.

अंगणातलं गटार खोऱ्याने खरवडून गाळ लांब नेऊन टाका. काठावर ढीग ठेवला तर पहिल्या पावसात तोच गाळ परत आत. नंतर वरच्या टोकाला बादलीभर पाणी सोडा. जिथे थांबेल तिथे उतार बिघडलाय.

चेंबरची झाकणं पहारीने उचलून थोडा वेळ उघडी राहू द्या, मग काम करा, डोकं आत घालायचं नाही. सेप्टिक टँकला हातही लावू नका. त्यात उतरून माणसं गुदमरून मरतात, म्हणून ते काम मशीनवाल्यांचंच, आणि त्यांनाही आत उतरू देऊ नका. पावसाआधी उपसून घ्या, जमीन पाण्याने भरली की टँक उलटं येऊ शकतं.

न्हाणीघरातल्या जाळीखालची वाटी काढून केस साफ करा. वरची न्हाणी वापरात नाही, तिथे आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता, नाहीतर ट्रॅप कोरडा पडून वास आणि झुरळं येतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच मोरीत कधीही नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

जूनचा पहिला आठवडा : सामान

पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर. तिघांना तीन दिवस म्हणजे छत्तीस लिटर, झाकणाच्या कॅनमध्ये. आईच्या गोळ्या महिनाभराच्या आधीच आणा, संपताना आणू म्हणालात की नेमका त्याच दिवशी रस्ता बंद असतो. ओआरएसची पाकिटं, पट्टी, जंतुनाशक. न शिजवता खाता येईल असं तीन दिवसांचं खाणं. गॅसची भरलेली टाकी.

दोन टॉर्च, सेल वेगळ्या डबीत (आत राहिले तर फुटून टॉर्च खराब करतात). मेणबत्त्या मी ठेवत नाही, वाऱ्यात पडदा पेटायला वेळ लागत नाही. पॉवर बँक दर रविवारी भरून ठेवा. तीन बाय चार मीटरची ताडपत्री, नायलॉनची दोरी, ओल्यातही घट्ट होणारी एपॉक्सी लांबी, हातमोजे, गमबूट. गमबूट नेहमी पालथे ठेवा आणि घालण्याआधी झटका. घराची कागदपत्रं प्लास्टिकच्या बंद पाकिटात वरच्या मजल्यावरच्या कपाटात.

मीटरच्या बोर्डात गळतीच्या करंटचा स्विच आहे, त्यावर टी लिहिलेलं बटण. दर महिन्याला दाबा. दाबल्यावर वीज गेली पाहिजे. गेली नाही तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवा, हे टाळायचं काम नाही. मेन स्विच कुठे आहे ते आईलाही दाखवून ठेवा.

पहिला मोठा पाऊस

वही आणि पेन्सिल घेऊन घरभर फिरा. ओल दिसेल तिथे डागाच्या कडेने रेघ मारून तारीख लिहा. भिंत खराब दिसते म्हणून कुणी काही बोललं तर माझं नाव सांगा. दिव्याच्या जागेतून थेंब आला तर आधी त्या खोलीचा एमसीबी पाडायचा, बादली नंतर. रंगाचा फुगा पाणी धरून लोंबत असेल तर खाली बादली ठेवून सुईने टोचा, नाहीतर मोठा पोपडा एकदम खाली येतो.

जुलै, ऑगस्ट

दर रविवारी वीस मिनिटं. गच्चीवरच्या दोन्ही जाळ्या, अंगणातलं गटार, आणि साठलेलं पाणी. कुंड्यांच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, ताडपत्रीच्या घड्या. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवडा चुकवला की फुकट. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा. मागे मातीच्या बारीक रेघा दिसल्या तर ती वाळवी, नुसतं पुसून टाकू नका.

या दोन महिन्यांत गळती सापडली तरी गच्ची फोडायची नाही. ताडपत्री टाका, गळणाऱ्या जागेवर नेमकी न टाकता तिच्याहून चढाकडे दोन हात वरपर्यंत, कडेला विटा.

सप्टेंबरचा शेवट, ऑक्टोबर

गटारात पुन्हा गाळ साचलेला असतो, तो काढा. पाण्याची टाकी धुऊन घ्या. कॅनमधलं पाणी झाडांना, उरलेलं खाणं मुदत बघून वापरात, टॉर्चमधले सेल बाहेर. भिंतीवरच्या रेघांचे फोटो मला पाठवा, नंतर पुसा. रंग मात्र लगेच नको. भिंत आतून सुकायला महिना-दीड महिना लागतो, आणि त्याआधी लावलेला रंग पहिल्या थंडीत सुटतो.

ताडपत्री दोन्ही बाजूंनी उन्हात वाळवूनच घडी घाला. गेल्या वर्षी मी ओलीच गुंडाळली होती, ती उलगडताना फाटली, आणि यंदा नवी आणायची ती त्यामुळेच.