सुनंदाला, भडंग गेल्यानंतर

पुणे,
16 नोव्हेंबर 2025

प्रिय सुनू,

बुधवारी रात्री तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. फोनवर मी धड काही बोलले नाही. ‘हो गं’, ‘अगं बाई’ एवढंच. म्हणून आज कागद-पेन घेऊन बसलेय. अक्षर वाईट आलं तर चालवून घे, सवय गेली लिहायची.

आधी एक मान्य करते. भडंगला तू आणलंस तेव्हा सगळ्यात जास्त विरोध मीच केला होता. 2010 चा पाऊस. कपिलतीर्थ मार्केटात कोथिंबिरीच्या रिकाम्या पोत्यावर ते भिजलेलं पिल्लू थरथरत बसलेलं, आणि तू म्हणालीस, ‘शैला, जरा पिशवी धर.’ मी पिशवी धरली नाही. ‘अण्णांना दम्याचा त्रास, तुझी सकाळची शाळा, कोण बघणार याचं?’ असं भर बाजारात तुला सुनावलं. तू ऐकलंस आणि वांग्यांच्या पिशवीत तिला घालून घरी गेलीस. वांगी माझ्याकडे दिलीस, ती मी घरी येऊन भरली. पंधरा वर्षं झाली त्याला.

नाव मात्र अण्णांचं. पांढऱ्या अंगावर काळे आणि तांबडे ठिपके बघून म्हणाले, ‘हे तर भडंग सांडल्यालं दिसतंय. चुरमुरं, करपल्याला लसूण आन् तिखट.’ वर बरेच दिवस ते तिला बोकाच समजत होते. मग डॉक्टरांनी सांगितलं, तीन रंगांचं मांजर बहुतेक मादीच असतं, तो तांबडा रंग ठरवणारा गुण एक्स गुणसूत्रावर असतो आणि तांबडं-काळं दोन्ही एका अंगावर यायला दोन एक्स लागतात. अण्णांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येताना तुला विचारलं, ‘म्हंजे लेडीज सीट द्यायची म्हन की.’

तू परत परत तेच विचारत होतीस, मला उशीर झाला का, आधी लक्षात यायला हवं होतं का. मी त्या वेळी ‘नाही गं’ म्हटलं ते तोंडदेखलं वाटलं असेल. शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाचीला काल मुद्दाम फोन करून विचारलं. ती म्हणाली, म्हाताऱ्या मांजरांना किडनीचा आजार नेहमीचाच, आणि तो कळतोच उशिरा. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं पाऊण काम बंद पडलेलं असतं. त्यात मांजराची जात दुखणं लपवणारी. रानात जे आजारी दिसतं त्याला दुसरं कुणीतरी उचलतं, म्हणून मांजर पोटातलं पोटातच ठेवतं. गेल्या दिवाळीत ती बाथरूमच्या बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागली आणि तू चार दिवसांच्या आत तिला दाखवलंस. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मावशी, चार दिवसांत कुणी आणत नाही. जेवण सोडल्यावर आणतात.’

आणि त्यानंतरचं वर्ष? सुईचं नाव काढलं की तुला घाम फुटायचा. बारावीत रक्तगट तपासायला गेलो तेव्हा बाकावर आडवी झाली होतीस, आठवतंय ना? तीच तू एक दिवसाआड मांजराच्या मानेची कातडी चिमटीत धरून सलाईन देत होतीस. मे महिन्यात मी आले होते तेव्हा बघितलंय. सलाईनची बाटली अण्णांच्या छत्रीच्या खिळ्याला टांगलेली, आधी गरम पाण्यात ठेवून कोमट केलेली, आणि भडंग तुझ्या मांडीवर एका डोळ्याने माझ्यावर पहारा देत बसलेली. झाल्यावर पाठीवर पाण्याची पिशवी आल्यासारखा उंचवटा घेऊन रुबाबात चालत गेली. तुला हसू आलं होतं त्या दिवशी.

शेवटचं इंजेक्शन द्यायला सांगितलंस ते बरोबर की चूक, हे मी कोण ठरवणार. चार दिवस पाण्याचा थेंब पोटात ठरत नव्हता, तोंडाला तो वास यायला लागला होता, आणि तू तिला अण्णांच्या शालीत मांडीवर घेऊन बसलीस. तू तिथून उठली नाहीस. मी असते तर मला एवढा धीर झाला नसता, एवढंच मला माहीत आहे.

शाळेतल्या त्या बाईंचं ‘मांजरच तर होतं, दुसरं आणा’ मनाला लावून घेऊ नकोस असं म्हणणार होते, पण खरं सांगू, मलाच लागलं ते. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलीस कशाला पण? रजा घ्यायचीस. अर्जात कारण काय लिहायचं म्हणून गेलीस, मला माहीत आहे. आणि रजेचं नावही बघ, किरकोळ रजा.

आता एक गोष्ट सांगते, जी सहा वर्षं तुला सांगितलेली नाही.

2019 चा ऑगस्ट. तू प्रशिक्षणाला इकडे पुण्यात, हायवे शिरोलीला पाण्याखाली, आणि शाहूपुरीत तुमच्या ओट्यावर पाणी. अण्णा आमच्या राजारामपुरीच्या घरी आले ते तुला ठाऊक आहे. कसे आले ते मात्र त्यांनी तुला कधी नीट सांगितलं नसणार. मांडीपर्यंत पाणी, डोक्यावर भाकरीची बुट्टी, वरून टॉवेल बांधलेला आणि आतून अखंड आरडाओरडा. कपड्यांची पिशवी, औषधं, बँकेचं पासबुक, सगळं घरात राहिलं होतं. दारात उभं राहून मला म्हणाले, ‘एक फुल, एक हाफ.’

पहिले दोन दिवस ती आमच्या कपाटावरून खाली आली नाही. मी दूध ठेवलं, श्रीकांतनं हाका मारल्या, काही नाही. मग अण्णांनी स्टीलचा पेला मागितला आणि चमच्यानं दोन टोले दिले. टिंग टिंग. ती धपकन खाली. मला तेव्हा कळलं की तुमच्याकडे वाटीवर वाजतात ते दोन टोले म्हणजे कंडक्टरची डबल बेल. एक टोला म्हणजे थांब, हेही तिला कळायचं म्हणे. ते मला खरं वाटलं नाही, पण अण्णांशी वाद कोण घालणार.

तर तिसऱ्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला गॅलरीत जाऊन बसायला लागली. जाळीला नाक लावून. खालून स्कूटीचा आवाज आला की कान उभे, उठून थेट दाराशी. सुनू, ती तुझी वेळ होती. आणि तुझी नि श्रीकांतची स्कूटी एकाच कंपनीची, आवाजात तसूभर फरक नाही. तुझी तर तेव्हा तुमच्या बोळात बुडालेली. शहरात नळाला पाणी नव्हतं, म्हणून श्रीकांत रोज संध्याकाळी टँकरवरून दोन कॅन भरून आणायचा. तो बोळात वळला की ही दाराशी धावायची, शेपटी उभी करून. दार उघडलं की त्याच्याकडे एकदा बघायची, पाठ फिरवायची आणि गॅलरीत जायची. ओरडायची नाही. हे दोन दिवस झालं. तिसऱ्या दिवशी श्रीकांत घामाघूम होऊन वर आला. विचारलं तर म्हणाला, ‘पेट्रोल कुठं मिळतंय, वाचवतोय.’ नंतर मी वरून बघितलं. बोळाच्या तोंडालाच तो इंजिन बंद करत होता आणि वीस-वीस लिटरचे दोन कॅन लादलेली स्कूटी चढावरून ढकलत आणत होता. तू येईपर्यंत रोज.

तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू आधीच फोनवर रडत होतीस, आणि मांजर वाट बघतंय हे ऐकून तू पाण्यातून चालत निघाली असतीस. नंतर राहूनच गेलं. अण्णा गेल्यावर ती त्यांच्या खुर्चीत बसायची, म्हणून तू नेहमी म्हणायचीस, ही अण्णांचीच मांजर, मी आपली खायला घालणारी. मी दर वेळी गप्प बसले. तेव्हाच सांगायला हवं होतं. आमच्या घरात अण्णा चोवीस तास तिच्यासमोर बसलेले असायचे, सुनू, आणि साडेसहाला ती त्यांच्या मांडीवरून उठून जायची. अण्णाही बघायचे. एकदा म्हणाले, ‘हिची गाडी लेट हाय.’

तू म्हणालीस, आता अण्णांना ओळखणारं घरात कुणी उरलं नाही. त्यावर मला काही सुचलं नाही आणि आजही सुचत नाहीये. गंगावेशीतून धारोष्ण दूध आणून, डॉक्टरांनी बंद सांगितलेलं असताना, तुझी पाठ फिरली की बोटभर साय तिला चाटवणारे अण्णा. तिला पोट बिघडलं की ‘उंदीर खाल्ला असंल’ म्हणून साळसूदपणे पेपर वाचणारे अण्णा. रविवारी अळणीतला तुकडा धुऊन आधी तिच्या वाटीत, मग आपल्या ताटात घेणारे अण्णा. हे बघितलेली आता आपण दोघीच. मी पुण्यात असले तरी आहे.

परड्यात जास्वंदीखाली पुरलंस ते छान केलंस. वर दगड ठेव एखादा जड, कुत्री उकरतात. आणि वाटी, टोपली, उरलेल्या सलाईनच्या बाटल्या यातलं आत्ता काही आवरू नकोस. रिकामी वाटी डोळ्यांसमोर नको वाटत असेल तर मांडणीत मागे सरकवून ठेव, बास. कुणी पिल्लू घेऊन दारात आलं तर माझं नाव सांग, शैलाला विचारून सांगते म्हणावं. नाही म्हणायची मला जुनी सवय आहे.

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघते, दुपारपर्यंत पोचेन. स्टँडवर येऊ नकोस, रिक्षानं येते. श्रीकांतच्या जुन्या फोनमध्ये त्या दिवसातले सात-आठ फोटो सापडलेत, ते घेऊन येतेय. एकात ती कपाटावर आहे आणि खाली दोरीवर अण्णांचा वाळत घातलेला सदरा. अजून एका फोटोत ती पाठमोरी गॅलरीत आहे. तो तू म्हणालीस तरच दाखवीन.

जेवायला काही करत बसू नकोस. पिठलं मी लावेन.

तुझी,
शैला

ता.क. – श्रीकांतला हे पत्र वाचून दाखवलं. म्हणतोय, तिला लिही, पेट्रोलही खरंच वाचलं होतं.