एकमान दर काढा, मगच स्वस्त-महाग ठरवा
इयत्ता सातवी, गणित : कार्यपत्रिका

एकमान दर = किंमत ÷ वजन. तुलनेआधी दोन्ही वजने एकाच एककात घ्या. बहुतेक चुका इथेच होतात.

सोडवलेले उदाहरण : तूरडाळ ५०० ग्रॅम ₹८०, १ किलो ₹१५२. पहिल्या पाकिटाचा दर किलोला ₹१६०, म्हणून किलोचे पाकीट ₹८ ने स्वस्त.

१. चहा पावडर : १०० ग्रॅम ₹५२, २५० ग्रॅम ₹१२०, ५०० ग्रॅम ₹२४५. प्रत्येकीचा १०० ग्रॅमचा दर काढा. मोठा पुडा स्वस्तच असेल असे धरून चालू नका.

२. अंगाचा साबण : (अ) १०० ग्रॅमच्या ४ वड्या ₹११६, (ब) १५० ग्रॅमच्या ३ वड्या ₹११७. आधी वडीमागे, मग ग्रॅममागे दर काढा. दोन्ही उत्तरे वेगळी का येतात, ते लिहा.

३. शेंगदाणा तेल : (अ) १ लिटर ₹१८२, (ब) ८५० ग्रॅम ₹१५३. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते. पिशव्या सारख्याच दिसतात, म्हणून हे गणित विशेष लक्ष देऊन करा.

४. पोहे : ५०० ग्रॅम ₹३४, २ किलो ₹१२०. घरात महिन्याला ५०० ग्रॅम लागतात आणि पावसाळ्यात पोह्यांना लवकर किडे होतात. तुम्ही कोणते घ्याल? कारण द्या.

घरी : तीन पाकिटांवर छापलेला प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर शोधून स्वतःच्या उत्तराशी पडताळा.

उत्तरे : १) ₹५२, ₹४८, ₹४९, २५० ग्रॅम स्वस्त. २) वडीमागे ₹२९ व ₹३९, ग्रॅममागे २९ व २६ पैसे, (ब) स्वस्त. ३) ग्रॅममागे २० व १८ पैसे, (ब) स्वस्त. ४) किलोला ₹६८ व ₹६०, निवड कारणावर तपासावी.