सराफ्यातलं शटर: क्लिप ३

१० सेकंदांचा एकच सलग व्हिडिओ, ४:३ चौकटीत. कुठेही कट नाही. दुकानाच्या जुन्या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून काढलेलं आणि पुढे मोबाइलवरून मोबाइलवर फिरून आणखी खराब झालेलं फुटेज वाटलं पाहिजे.

कॅमेरा गल्लीपलीकडच्या दुकानावर, भिंतीत १२ फुटांवर पक्का बसवलेला, खाली झुकलेला. हलत नाही, वळत नाही, झूम करत नाही, फोकस बदलत नाही. मुलगा चौकटीत आल्यावर त्याच्या दिशेने हळूच सरकणंही अजिबात नको. लेन्स रुंद आणि स्वस्तातली: कडेचे खांब जरासे वाकलेले, जवळचं-लांबचं सगळं सारखंच अर्धवट स्पष्ट. वरच्या उजव्या कोपऱ्यात लोंबणाऱ्या वायरचा धूसर काळा पट्टा.

इंदूरचा सराफा, हिवाळा, रात्रीचे पावणेतीन. खाऊगल्ली आवरलेली. सोनाराचं शटर बंद, समोर दगडी ओटा. डावीकडे एक जण कढई पालथी घालून ओट्यावर बादलीभर पाणी ओततो. भिजलेल्या फरशीवर ट्यूबलाइटचा पांढरा डाग, त्यात तपशील काहीच नाही.

तिसऱ्या सेकंदाला राखाडी स्वेटर आणि मफलर घातलेला विशीतला मुलगा डावीकडून येतो, शटरपाशी उकिडवा बसतो आणि सोनाराकडची गुलाबी कागदाची छोटी पुडी फटीतून आत सरकवतो. पाठ आपल्याकडे. सातव्या सेकंदाला उठून वळतो, पण चेहरा म्हणजे चार-पाच चौकोन, ओळख पटू नये. आला तसाच जातो. पाणी ओतणारा मान वर करत नाही.

चित्र सेकंदाला १२ फ्रेमचं, किंचित अडखळणारं. अंधाऱ्या भागांत सतत वळवळणारे रंगीत ठिपके. फिल्मचे सुबक दाणे नकोत. कॉम्प्रेशनचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन सपाट भिंतीवर आणि सावल्यांत दिसावेत, शटरच्या पट्ट्यांच्या कडांना बारीक कुरतडल्यासारखी थरथर. मुलगा चालतो तेव्हा त्याच्यामागे फिकट छटा रेंगाळते, भिंत मात्र गोठलेली. दर दोन सेकंदांनी अख्खं चित्र एकदम ताजं होतं आणि हलका झटका बसतो. चौकोन मुलाभोवती जास्त, इतरत्र कमी. सगळीकडे सारखे पसरले तर वर फिल्टर चढवल्यासारखं दिसतं.

रंग थोडे धुतलेले, पण कृष्णधवल नाही. काळा खरं तर राखाडी, पांढरा जळालेला, त्वचेवर ट्यूबलाइटची हिरवट झाक. पुडीचा गुलाबीसुद्धा विटलेला, तरी चौकटीतला सर्वांत उठावदार रंग तोच.

तारीख, वेळ किंवा कुठलंही अक्षर नको, दुकानाची पाटीही वाचता येऊ नये. वेळेचे आकडे मी एडिटमध्ये टाकीन. आवाज नाही. पार्श्वभूमी धूसर करणारी सिनेमॅटिक खोली, नाट्यमय प्रकाश, धुकं, पाऊस, यातलं काही नको.

शेवटचे दोन सेकंद पाणी ओतणारा सोडला तर गल्ली रिकामी. शटरखाली पुडीचं एक टोक बाहेर राहिलेलं, जेमतेम सहा-सात पिक्सेल.