विषय: मुक्ताचा लॅपटॉप – येताना कोणता आणशील?

प्रिय बंडू,

परवा फोनवर म्हणालास ना, "ताई, नीट लिहून पाठव, नाहीतर दुकानात माझा गोंधळ उडतो", म्हणून बसलेय लिहायला. मुक्ताला अजून पत्ता लागू दिलेला नाही, तेव्हा उत्तर मलाच पाठव. घरच्या ग्रुपवर एक अक्षरही टाकू नकोस.

तिच्या आताच्या लॅपटॉपची दशा तू बघायला हवीस. डब्ल्यूच्या बटणावरचं अक्षर पार पुसून गेलंय. गेम सुरू झाला की पंखा असा घोंघावतो की मिक्सर चालू राहिला की काय म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावून येते. खालून हवा लागावी म्हणून बाईसाहेबांनी मागच्या बाजूला दोन वह्या सरकवल्यात. घेताना दुकानदार म्हणाला होता, "सगळे गेम पळतात." घरी आणल्यावर कळलं, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही. तेव्हा फसले, म्हणून या वेळी अभ्यास केलाय. हसू नकोस.

ती मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट खेळते. माइनक्राफ्टमध्ये ते शेडर लावून पाणी चमकवायचं असतं तिला. एल्डन रिंगचे नुसते व्हिडिओ बघून उसासे टाकते. शिवाय हल्ली ब्लेंडरमध्ये काहीबाही घडवत असते. परवा एक किटली केली होती, तोटी उलट्या बाजूला, पण झकास! तुझं मॅकबुक कितीही छान असलं तरी इथे कामाचं नाही. व्हॅलोरंट मॅकवर चालतच नाही.

आता मुद्द्याचं. तू दोन मॉडेल सुचवलीस, एक आरटीएक्स ४०५० चं आणि दुसरं ४०६० चं. माझा कल ४०६० कडे आहे, कारण त्यात कार्डाची स्वतःची मेमरी ८ जीबी आहे, ४०५० मध्ये ६. रॅम मागाहून वाढवता येते, ही मेमरी नाही. पण खरी मेख वेगळीच आहे. लॅपटॉपमधलं ४०६० कुठे ३५ वॉटवर चालतं, तर कुठे ११५ वर. नाव तेच, आणि ताकदीत केवढा फरक! सुबक, सडपातळ मॉडेलमध्ये हा आकडा बहुधा कमी ठेवतात, आणि तू सुचवलेलं ४०६० चं नेमकं तसंच पातळ दिसतंय. कंपनीच्या माहितीत टीजीपी किंवा ग्राफिक्स पॉवर म्हणून आकडा असतो, तेवढा शोधून कळव. शंभरच्या आसपास असेल तर ते घेऊ. चाळीस-पन्नास निघाला तर जाडजूड ४०५० बरं का, की आणखी तिसरं काही बघायचं? हे मला खरंच ठरवता येत नाहीये, तूच सांग.

रॅम १६ जीबी हवीच, जमलं तर ८-८ च्या दोन पट्ट्या. रॅम बोर्डावरच डकवलेली असेल तर नको. एसएसडी १ टीबी मिळाली तर उत्तम. ५१२ असली तर दुसरी बसवायला जागा आहे का बघ. स्क्रीन साधी फुल एचडी, १४४ हर्ट्झ, बास. फोर-केच्या नादी लागू नकोस, तेवढे ठिपके रंगवता रंगवता कार्डाचा जीव जाईल.

आणि कीबोर्ड! तुमच्या जर्मन कीबोर्डवर झेड आणि वाय अदलाबदल केलेले असतात. खेळायची डब्ल्यू, ए, एस, डी ही बटणं जागेवरच असतात म्हणा, पण तिचे प्रोजेक्ट त्यावरच टाइप व्हायचेत. इंग्रजी कीबोर्डचं मॉडेल मागवता येईल का? तसंच तिथे काही मॉडेल विंडोजशिवायही विकतात म्हणे. स्वस्त दिसलं की आधी ते तपास. वॉरंटी इथे चालते का, हे दुकानदाराला न विचारता कंपनीच्या साइटवरच वाच.

येताना लॅपटॉप हातातल्या बॅगेतच ठेव. बॅटरी १०० वॉट-अवरच्या आतली असली की विमानात वेगळी परवानगी लागत नाही. चार्जर विटेएवढा असतो, त्याचं वजन आधीच धरून ठेव. त्यावर INPUT: 100-240V लिहिलेलं असलं की इथे फक्त पिनेचा प्रश्न, तो मी सोडवते.

कीबोर्डखाली रंगीबेरंगी दिवे असले तर भाची तुला देव मानेल, पण ते बंद करता येतात ना, तेवढं बघ. रात्री खोलीत जत्रा नको. बजेट आपलं ठरलंय तेच, त्याच्यावर स्वतःचे घालायचे नाहीत. मागच्या वेळचा कॅमेरा माझ्या लक्षात आहे.

शनिवारी दुकानात जाशील तेव्हा खोक्यावरच्या लेबलचा फोटो पाठव, मी लगेच बघून हो-नाही कळवते. दुपारी मुक्ता क्लासला असते, तेव्हा फोन केलास तरी चालेल.

तुझी,
ताई