शनिवारी साडेसहाला पहिला ठोका पडणार! (आणि यावेळी वेळ, गेट, पास सगळं नीट लिहिलंय)

मंडळी, परवा आमच्या बँडच्या कार्यक्रमाची जी अनाउन्समेंट टाकली होती ती विसरा आणि ही धरा. त्यात नुसतं "येतोय आम्ही, हादरवून टाकणार, तयार राहा" एवढंच होतं, आणि दोन दिवस प्रत्येकजण कॉरिडॉरमध्ये गाठून विचारतोय की अरे पण कधी, कुठे, पास लागतो का, बाहेरच्या मित्राला आणलं तर चालेल का. बरोबरच आहे, गेल्या वर्षी आम्ही पोस्टरवर फक्त "संध्याकाळी" लिहिलं होतं आणि काही लोक आठला आले, तोवर आम्ही केबल गुंडाळत होतो. ते चेहरे अजून आठवतात. त्यामुळे यावेळी आधी कामाचं.

शनिवार, १७ जानेवारी. कॉलेजचं ओपन एअर थिएटर, लायब्ररीच्या मागे. गेट संध्याकाळी ५:३० ला उघडणार, पहिलं गाणं ६:३० ला, मध्ये पंधरा मिनिटांचा ब्रेक, शेवटचं गाणं ९ च्या आसपास, सव्वानऊपर्यंत सगळं संपणार. एंट्री फ्री, पण पास कंपल्सरी.

साडेसहा म्हणजे साडेसहाच, पावणेसात नाही. साउंड चेक दुपारी ३ ला आहे, म्हणजे लोक आत आल्यावर "हॅलो हॅलो माइक टेस्टिंग" ऐकत बसायला लागणार नाही. आणि ओपनिंगचं गाणं आम्ही मुद्दाम सगळ्यात जोरातलं ठेवलंय, उशिरा आलात तर तेच हुकेल.

पासचं असं आहे. आपल्या कॉलेजच्या स्टुडंट्सनी आयकार्ड दाखवून स्टुडंट सेंटरच्या टेबलवरून पास घ्यायचा, बुधवार ते शुक्रवार, सकाळी ११ ते दुपारी ४. एका आयकार्डवर तुमचा एक आणि गेस्टचे जास्तीत जास्त दोन. गेस्ट म्हणजे बाहेरच्या कॉलेजचे मित्र, भाऊ-बहीण, आई-बाबा, कुणीही चालेल, फक्त त्यांचं नाव पास घेतानाच लिहून द्यायचं आणि त्या दिवशी त्यांनी कुठलंतरी फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवायचं. एकूण पास ६०० आहेत कारण पायऱ्यांवर तेवढेच लोक नीट बसतात, त्याच्या वर एकही देणार नाही. शनिवारी गेटवर पास मिळणार नाहीत, प्लीज त्या भरवशावर येऊ नका, गेटवर उभे असतील ते आपलेच ज्युनिअर्स आहेत आणि त्यांना कुणाला परत पाठवायला जिवावर येतं. पास मिळाला पण यायला जमत नाही असं झालं तर शुक्रवारी ४ च्या आत टेबलवर परत द्या, दुसऱ्या कुणालातरी मिळेल.

आता काय वाजवणार ते सांगतो, हे लिहायलाच हात शिवशिवतायत.

ऑगस्टपासून पार्किंगच्या वरच्या खोलीत खिडकीला गाद्या लावून प्रॅक्टिस चाललीये. एकूण चौदा गाणी आहेत, त्यातली नऊ आमची स्वतःची, आणि त्यातलं एक असं आहे की ज्याच्यासाठी आम्ही दोन महिने भांडलो. ते रूपकमध्ये आहे, सात मात्रा, तीन-दोन-दोन, तबला आणि ड्रम्स दोन्ही एकत्र. आता रूपकची गंमत ही की सम, म्हणजे पहिली मात्रा, टाळीऐवजी 'खाली'वर येते, म्हणजे जिथे बाकी सगळे ताल जोरात पाय आपटतात तिथे हा हात मोकळा सोडतो. आमचा ड्रमर सवयीने दर वेळी एकवर किक मारायचा आणि तबल्याचा "ती ती ना" त्याच्याखाली बुडून जायचा. शेवटी एके रात्री त्याने पहिल्या मात्रेवरची किक काढूनच टाकली, फक्त चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर मारली, आणि अचानक खोलीत जागा झाल्यासारखं वाटलं, तबला स्वच्छ ऐकू आला, बेस त्या मोकळ्या जागेत येऊन बसला, आणि आम्ही पाचही जण वाजवता वाजवता एकमेकांकडे बघायला लागलो. ते जे काय होतं ते तुम्हाला ऐकवायचंय.

त्या गाण्यात तुमचंही काम आहे. एकवर हात मोकळा, चारवर टाळी, सहावर टाळी. एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात. घरी दोनदा करून या. ६०० लोकांनी एकावर शांत राहून चारवर एकदम टाळी दिली तर काय होईल हे आम्हालाही अजून माहीत नाही, आणि तेच बघायला मी शनिवारची वाट बघतोय.

ब्रेकच्या आधी एक गाणं पूर्ण अनप्लग्ड आहे, माइक बंद, फक्त एक गिटार आणि आवाज, तेव्हा प्लीज बोलू नका, शेवटच्या पायरीपर्यंत पोचवायचा प्रयत्न आहे. ब्रेकनंतर मात्र बसायचं नाही, स्टेजसमोरची मोकळी जागा नाचणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना बसूनच ऐकायचंय त्यांनी डाव्या बाजूच्या पायऱ्या धरा, तिथून स्टेज अडत नाही.

थोडं काळजीचं पण महत्त्वाचं. आवाज मोठा असणार. कानासाठी साधारण ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात, आणि स्पीकरच्या तोंडाशी आवाज तिथपर्यंत सहज जातो. म्हणून स्पीकरला चिकटून उभं राहू नका, लहान मुलं येणार असतील तर त्यांना मागच्या पायऱ्यांवर बसवा. फोमचे इअरप्लग गेटवर ठेवतोय, हवे त्यांनी मागून घ्या, आम्ही स्वतः लावूनच वाजवतो. दोन गाण्यांत स्ट्रोब लाइट आहे, दोन्ही ब्रेकनंतर, आणि दोन्हीच्या आधी माइकवरून सांगू. ज्यांना लखलखत्या लाइटने फिट येण्याचा त्रास आहे त्यांनी तेव्हा लायब्ररीच्या बाजूला या, तिथे लाइट पोचत नाही.

व्हीलचेअरसाठी उजवीकडून रॅम्प आहे, पुढच्या रांगेत सहा जागा राखून ठेवल्यात, सोबतच्या माणसासाठीही खुर्ची आहे, फक्त पास घेताना टेबलवर सांगा म्हणजे कुणीतरी गेटपासून सोबत येईल. गाड्या मागच्या गेटने, पुढचं गेट त्या दिवशी फक्त पायी येणाऱ्यांसाठी. मोठ्या बॅगा नकोत, ठेवायला जागा नाहीये. पाण्याची बाटली चालेल, काचेची नको. व्हिडिओ काढा, बिनधास्त काढा, फक्त फ्लॅश बंद ठेवा कारण स्टेजवरून समोरचं काही दिसत नाही आणि आम्हाला तुमचे चेहरे बघायचेत.

काही विचारायचं असेल तर पासच्या टेबलवर रोज आमच्यापैकी एकजण बसलेला असेल, त्यालाच धरा. पास बुधवारी ११ पासून. आणि तोपर्यंत एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात.