माळ घालण्याच्या प्रसंगी केलेलं प्रवचन
(विठ्ठल मंदिर, तरडगाव, ता. फलटण, एकादशी)

रामकृष्ण हरी, माउली.

सायली, पुढं ये, आईशेजारी बस. ज्ञानेश्वरीवर ठेवलेली ती तुळशीची माळ थोड्या वेळात तुझ्या गळ्यात पडेल. नियम तुला पाठ आहेत: मांस नाही, दारू नाही, एकादशी, रोज हरिपाठ, जमेल तशी पंढरीची वारी. ते मी परत सांगत बसत नाही. हे नियम पाळायचे कुणी, एवढंच आज बोलायचं आहे.

दहावी झाली, आता तू कऱ्हाडला अकरावीला निघालीस. होस्टेलच्या मेसमध्ये रविवारी शेजारच्या ताटात मटण येईल. तिथं नाक मुरडायचं नाही. माळ तुझ्या गळ्यात आहे, तिच्या नाही. ती मैत्रीण तापानं पडली तर तिच्या उशाशी बसणं हासुद्धा हरिपाठच आहे. मेसवाल्याला एकादशी लक्षात राहणार नाही. शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू जवळ ठेव. आषाढीला कॉलेज चालू असेल, तेव्हा वारीसाठी परीक्षा बुडवायची नाही. सुट्टीत पंढरपूरला जाऊन ये, पांडुरंग कुठं जात नाही. दोरा तुटला तर अपशकुन झाला म्हणून रडायचं नाही. मणी वेचायचे, ओवायचे, नाव घेऊन परत घालायची.

तुझ्या आजीनं काल मला हळूच विचारलं, महिन्याच्या त्या चार दिवसांत माळ काढायची का? नाही काढायची. आळंदी ते पंढरपूर चालणाऱ्या हजारो बायकांचे ते दिवस वाटेतच येतात. दिंडी थांबत नाही, त्याही थांबत नाहीत. जनाबाई-सोयराबाईंचं नाव घेणाऱ्यांनी हा प्रश्न विचारूच नये. आजी, रागावू नका.

आता दादा-वहिनी, तुमच्याकडे वळतो.

पोरगी पहिल्यांदा घराबाहेर चालली, म्हणून तुम्हाला माळेची घाई झाली का? खरं सांगा. गळ्यात माळ असली की पाय वाकडा पडणार नाही, असा हिशेब असेल तर तो देवाशी केलेला व्यवहार झाला. आणि उद्या स्थळं बघताना बायोडेटात ‘माळकरी’ लिहायला ही माळ नाही. तसं लिहिलेलं मला कळलं तर मी लग्नाला येणार नाही.

पुंडलिकाची गोष्ट आपण पोरांना सांगतो: आईबापाची सेवा कर, बघ, देव विटेवर थांबला. पण आधीचा पुंडलिक कसा होता? आईबापाला छळणारा. तो बदलला तो कुणी रोज टोचून बोललं म्हणून नाही, त्याला स्वतःला जाग आली म्हणून. आईबापांनी ही गोष्ट मुलांच्या अंगावर टाकायची नसते. आपल्या मनाशी म्हणायची असते.

आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. नीरास्नान करून माउलींची पालखी साताऱ्याच्या हद्दीत येते, लोणंदचा मुक्काम होतो आणि पहिलं उभं रिंगण आपल्या चांदोबाच्या लिंबाला लागतं. पुढच्या घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. मागच्या, माउलींच्या घोड्यावर कुणीच नसतं. परका माणूस म्हणेल, खोगीर मोकळं आहे. आपण म्हणतो, माउली बसलेत. तो घोडा धावतो तेव्हा आपण काय करतो? दोन्ही बाजूंना उभे राहून वाट मोकळी ठेवतो. लगाम धरायला कुणी मध्ये घुसत नाही. घुसला तर तुडवला जाईल, आणि घोडाही बुजेल.

वहिनी, तुम्ही रोज रात्री फोन करणार, हे मला माहीत आहे. करा. ‘जेवलीस का’ विचारा. ‘माळ आहे ना गळ्यात’ हे विचारायचं नाही. एखाद्या दिवशी तिचा हरिपाठ राहिला तर ते ती आणि तिचा विठोबा बघून घेतील. आणि ती एखादी गोष्ट चुकली, घाबरून घरी आली, तर पहिलं वाक्य माळेवरून काढू नका. आधी पाणी द्या.

दादा, तुमच्या वरच्या खिशाकडे माझं मघापासून लक्ष आहे. हसू नका. पोरीच्या गळ्यात तुळस आणि बापाच्या खिशात तंबाखूची पुडी, हे चालायचं नाही असं मी म्हणत नाही. तो तुमचा प्रश्न. पण पोरीला धाकात ठेवण्याचा हक्क मग पुडीबरोबर खिशातच राहू द्या.

चला, उठा. माळ मी घालीन, गाठ सायलीनं स्वतः मागं हात नेऊन नीट करायची. मग ती तुमच्या पाया पडेल, आणि तुम्ही दोघं तिच्या. वारकऱ्यांत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, हे दिंडीत तुम्ही परक्यांशी करता. घरात करताना लाजायचं कारण नाही. आजी, गुडघे दुखत असतील तर बसूनच हात जोडा. मग हरिपाठ, त्यानंतर फराळ. भगर सगळ्यांना पुरेल.

बोला, पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!